घाण्यामागे एक पळी तेल : पाटणचा शिलालेख कसा वाचतात

मागच्या महिन्यात आपल्या एका गटातल्या ताईंनी मोबाइलमधला एक फोटो दाखवला. त्यांच्या गावच्या जुन्या देवळाच्या भिंतीतला दगड होता, त्यावर ओळी होत्या आणि अर्ध्या ओळींवर शेंदूर थापलेला होता. त्यांनी विचारलं, "ताई, हे देवनागरीच दिसतंय, मग वाचता का येत नाही?" आज त्याच प्रश्नाबद्दल बोलू. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ.

चाळीसगावपासून साधारण अठरा किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवीचं ठाणं आहे. नवरात्रात आपल्यापैकी कितीतरी जणी तिथे जातात. जुनं पाटण गाव तिथलंच. तिथल्या भवानीच्या देवळातला संस्कृत आणि मराठी शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडिताने त्याचं वाचन आणि भाषांतर छापलं. लीलावती लिहिणारे गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला, आणि तिथला निकुंभ घराण्याचा राजा सोइदेव याने त्या मठाला दान दिलं. लेखात हीच हकीकत आहे.

लेखाचा मोठा भाग संस्कृत श्लोकांत आहे. त्यात घराण्यांची नावं आणि स्तुती येते. मला मात्र शेवटच्या मराठी ओळी जास्त आवडतात, कारण मठाचा खर्च कशातून चालायचा तो हिशोब त्यांत आहे. बाजारात कोणाकडून काय घ्यायचं ते लोकांना कळायला हवं होतं, म्हणून तेवढा भाग बोलीत लिहिला असावा, असं मला वाटतं.

त्यातलं एक वाक्य घेऊ. वाचन साधारण असं आहे : "जेति घाणे वहाति तेतियां प्रति पळी पळी तेला".

दगडावर शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. "जेतिघाणेवहातितेतियांप्रति" अशी सलग अक्षरं येतात. म्हणून पहिल्यांदा अर्थ न लावता दिसेल ते अक्षर तसंच उतरवून घ्यायचं, ओळीखाली ओळ. मग शब्द तोडायचे. 'जेति' म्हणजे जितके, 'वहाति' म्हणजे चालतात, 'तेतियां प्रति' म्हणजे तितक्यांमागे. अर्थ झाला : जितके घाणे चालतात, तितक्यांमागे एकेक पळी तेल. याच भागात 'मढा दीन्हला' असे शब्द येतात, म्हणजे मठाला दिला. 'दीन्हला' ऐकून शहरातली मुलं अडखळतात, पण आपल्या अहिराणीत 'दिन्हं' आजही रोज बोललं जातं. त्यामुळे असे लेख वाचताना गावातल्या आज्जीला जवळ बसवलं तर बरं. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, म्हणजे सुपाऱ्या, घ्याव्यात असंही तिथे आहे. इथे जे मोजायचं ते मठाच्या मापाने मोजावं, आणि मापाईचा निम्मा भाग मठाचा, निम्मा मापाऱ्याचा, असंही आहे.

आता झिजलेल्या अक्षराकडे येऊ. समजा, त्या वाक्यातली दुसरी 'पळी' पाण्याने झिजली आहे आणि नुसती खळी दिसते. वाक्य डोक्यात बसलं असल्यामुळे ती सरळ लिहून टाकायचा मोह होतो. पण लिहायचं ते 'पळी [पळी]' असं. चौकोनी कंसाचा अर्थ, अक्षर झिजलंय, खुणांवरून आणि संदर्भावरून हे वाचलंय. अक्षर मुळीच दिसत नसेल तर तिथे ठिपके द्यायचे, जितकी अक्षरं मावतील तितके. शेजारच्या अक्षराची रुंदी मोजली की किती मावतात ते कळतं. कोरणाऱ्याचीच चूक वाटली तर दगडावरचं आधी तसंच लिहायचं आणि दुरुस्ती गोल कंसात द्यायची. भाषांतरातही हे कंस आणि ठिपके ठेवायचे. ते गाळले की पुढच्या माणसाला अंदाज कुठला आणि दगडावरचं कुठलं हे कळत नाही.

अक्षर झिजणं वेगळं आणि अर्थ न लागणं वेगळं. पाटणच्याच लेखात 'आसूपाठी' असा शब्द वाचला जातो. 'आसू' म्हणजे घोडा असेल, तर घोड्यामागे असा अर्थ निघेल, पण तो पक्का म्हणता येत नाही. अशा शब्दाला कंस घालायचा नाही. भाषांतरात मूळ शब्द तसाच ठेवून पुढे प्रश्नचिन्ह द्यायचं.

फसवणारी आणखी एक गोष्ट मात्रेची. त्या काळच्या लेखांत 'ए'ची मात्रा पुष्कळदा अक्षराच्या डोक्यावर नसून आधीच्या बाजूला उभ्या काठीसारखी असते. आपल्याला ती मागच्या अक्षराचा काना वाटते. 'घाणे' शब्दात घ आणि ण यांच्यामध्ये दोन काठ्या दिसतील, पहिली घचा काना आणि दुसरी णची मात्रा. दोन्ही काने समजलात तर शब्द लागणारच नाही. त्यात दगडाला उभी भेग असली तर तिसरी काठी तयार होते. भेग ओळीच्या वर आणि खालीही जाते, कोरलेली काठी ओळीतच थांबते, यावरून ती ओळखावी.

तारखेची पडताळणीही अशीच होते. लेखात शके 1128, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण असं आहे. शकात 78 मिळवले की 1206 येतात. पण प्रभव संवत्सर आणि ग्रहण यांचा मेळ 1207 शी बसतो, म्हणून अभ्यासक 9 ऑगस्ट 1207 ही तारीख देतात. आपल्या राखीपौर्णिमेचा दिवस. एखादा आकडा झिजलेला असला तरी संवत्सर, तिथी आणि ग्रहण यांतलं काही वाचता आलं तर असा ताळा घेता येतो.

फोटो काढायचा तर सकाळी लवकर किंवा सूर्य कलताना काढा. उजेड बाजूने पडला की खोदलेल्या रेषेत सावली बसते. दुपारी समोरून काढलेल्या फोटोत दगड सपाट दिसतो. देवळात अंधार असेल तर एकीने बॅटरी दगडाच्या कडेला, जवळजवळ टेकवून धरावी. एकदा डावीकडून आणि एकदा वरून उजेड देऊन दोन फोटो घ्यावेत, कारण एका उजेडात आडवी रेघ दिसते, उभी हरवते. शेजारी शिवणाची पट्टी ठेवा आणि तुकडे घेताना प्रत्येक फोटोत आधीच्यातली दोन-तीन अक्षरं पुन्हा येऊ द्या. अक्षर उठून दिसावं म्हणून खडू, हळद, तेल लावू नका. खडू फिरवणारा आपल्याला दिसलेलंच अक्षर रंगवतो, आणि पुढचे सगळे फोटो ती चूकच दाखवतात. तारेच्या ब्रशने शेंदूर खरवडला तर उरलेली रेघही जाते.

त्या ताईंच्या दगडाचे फोटो आम्ही पुन्हा सकाळी काढले. वरच्या दोन ओळींत नऊ अक्षरं धड लागली, तीन कंसात ठेवली, बाकी ठिपके. शेंदराखालचं तसंच ठेवलंय. ते फोटो आणि उतारा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे पाठवायचं ठरलंय, आणि देवळाला ऑइलपेंट द्यायचं काम पंचांनी तोवर थांबवलंय.