‘बस ७ मिनिटांत’ : हा आकडा येतो कुठून?

नाशिकच्या उपनगर थांब्यावर संध्याकाळी एखादी बाई उभी आहे असं समजा. तिला नाशिकरोडला जायचंय. सीबीएसहून निघालेली बस शालिमार, द्वारका करत येते. मोबाइलवरचं ॲप सांगतं, बस १८ मिनिटांत. दहा मिनिटांनी ती पुन्हा बघते तर आकडा १४. आणखी पाच मिनिटांनीही तो १४च. ‘ॲप खोटं बोलतं’ असं ती म्हणते आणि पुढच्या रिक्षाला हात करते. तिचा राग रास्त आहे, पण तो आकडा कसा तयार होतो हे ठाऊक असतं तर तिचे रिक्षाचे पैसे कदाचित वाचले असते.

बसमध्ये एक जीपीएस यंत्र बसवलेलं असतं. ते उपग्रहांच्या मदतीनं आपली जागा ओळखतं आणि आतल्या सिमकार्डावरून दर काही सेकंदांनी ती सर्व्हरकडे पाठवतं. २०१९ पासून नव्या प्रवासी वाहनांना असं यंत्र देशभर सक्तीचं झालं. यंत्राला मात्र फक्त जागा कळते. तुमच्या थांब्यापर्यंत किती वेळ लागेल याचा हिशेब सर्व्हर करतो, आणि तो हिशेब अंदाजाचा असतो. साध्या पद्धतीत उरलेलं अंतर घेऊन त्याला नेहमीच्या वेगानं भागतात. शालिमारहून उपनगर सुमारे सहा किलोमीटर धरू. ताशी २० किलोमीटर वेगानं ते अंतर कापायला १८ मिनिटं लागतात. वाटेत द्वारकेचा चौक आहे. तिथे मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकमेकांना भिडतात आणि संध्याकाळी बस तिथं तुंबते. रोजच्या कोंडीची जुनी नोंद वापरणारी यंत्रणा ही मिनिटं आधीच धरते. साधी यंत्रणा धरत नाही, म्हणून तिचा आकडा बस अडकल्यावर गोठतो.

यातून नियमित प्रवाशाला एक पक्की युक्ती मिळते. मिनिटांकडे बघू नका, नकाशावर बसकडे बघा. आपल्या वाटेवरची कोंडीची जागा ठरवा आणि बस ती ओलांडेपर्यंत आकड्याला किंमत देऊ नका. द्वारका ओलांडल्यावर उपनगरपर्यंत साधारण चार किलोमीटर उरतात, म्हणजे बारा मिनिटं, आणि पुढचा रस्ता तुलनेनं मोकळा असेल तर हा आकडा बऱ्यापैकी भरवशाचा असतो. घर थांब्यापासून सहा मिनिटांवर असेल तर आकडा नऊवर आला की निघावं. थांब्यावर तीन मिनिटं हाताशी राहतात. द्वारकेआधीच्या आकड्यावर विसंबून घर सोडलं, तर तेवढा वेळ रस्त्याकडेला धूर खात काढावा लागतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे न येणारी बस. ॲप ८ मिनिटं म्हणतं, मग ५, मग २, मग ‘आली’, आणि रस्ता रिकामाच. कारण बहुतेक वेळा असं असतं की ज्या बसचा सिग्नल मिळत नाही तिच्या जागी काही ॲप्स वेळापत्रकातली वेळ दाखवतात. वेळापत्रकाला बस बंद पडल्याचं किंवा फेरी रद्द झाल्याचं कळत नाही. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या बसचा आकडा अडखळत उतरतो, कधी दोन मिनिटांनी वाढतोही, कारण रस्ता तसाच असतो. प्रत्येक मिनिटाला बरोब्बर एक मिनिट कमी होत असेल आणि नकाशावर बसचं चिन्ह हलत नसेल, तर ती वेळ छापील समजावी. बसवर बोट ठेवल्यावर गाडीचा नंबर किंवा शेवटच्या नोंदीची वेळ दिसते का, तेही पाहावं. शेवटची नोंद दहा मिनिटांपूर्वीची असेल तर गाडी आता नेमकी कुठं आहे हे कुणालाच माहीत नाही. गुगल मॅप्समध्ये थेट माहिती असलेल्या बसच्या वेळेजवळ सिग्नलसारखी छोटी खूण असते. ती नसेल तर वेळ वेळापत्रकातली.

घाटातून किंवा नेटवर्क नसलेल्या पट्ट्यातून जाणाऱ्या एसटीच्या बाबतीत हे वारंवार होतं. यंत्र तोवरच्या नोंदी साठवून ठेवतं आणि नेटवर्क आलं की एकदम पाठवतं. त्यामुळे नकाशावर गाडी बराच वेळ एका वळणावर उभी दिसते आणि मग अचानक चार गावं पुढं उडी घेते. अशा मार्गावर ‘गाडी थांबली’ असं समजून स्टँडवरून उठून जाऊ नये.

उलटंही घडतं : ॲपवर काहीच नाही आणि बस समोर येऊन उभी. यंत्र गाडीला जोडलेलं असतं. ती गाडी आज कोणत्या मार्गावर, कोणत्या फेरीला हे डेपोतली नोंद ठरवते. सकाळी ठरलेली गाडी कार्यशाळेत गेली, दुसरी पाठवली आणि संगणकात बदल करायचा राहिला, की रस्त्यावरची गाडी प्रवाशाच्या ॲपवर दिसतच नाही. रिकाम्या पडद्याचा अर्थ बस नाही असा होत नाही.

सर्वांत जास्त फसतात ते पहिल्या काही थांब्यांवरचे प्रवासी. समजा, तुम्हाला नाशिकरोडजवळच्या दत्त मंदिर थांब्यावरून सीबीएसकडे जायचंय आणि ॲप म्हणतं ८ मिनिटं. नकाशा पाहा : तुमची बस अजून उलट दिशेनं, उपनगरजवळून येतेय. तिला नाशिकरोडला पोचायचंय, प्रवासी उतरवायचेत, वळायचंय. चालक-वाहकाला पाणी प्यायला दोन मिनिटं हवीत आणि तो त्यांचा हक्क आहे. मगच ती तुमच्याकडे निघेल. बऱ्याच यंत्रणा पुढची फेरी वेळेवर सुटेल असं गृहीत धरतात, म्हणून आठाची वीस मिनिटं होतात. सुरुवातीच्या थांब्यावर उभं असताना येणारी नव्हे, जाणारी बस शोधावी.

बस दिसत राहिली तर थांबणं सुसह्य होतं, याला अभ्यासाचा आधार आहे. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात ‘वनबसअवे’ हे ॲप वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या प्रवाशांची तुलना २०११ साली प्रसिद्ध झाली. माहिती नसणाऱ्यांना आपण प्रत्यक्षाहून जास्त वेळ थांबलो असं वाटत होतं. ॲप असणाऱ्यांना तसं वाटत नव्हतं, आणि त्यांचं प्रत्यक्ष थांबणंही सुमारे दोन मिनिटांनी कमी होतं. खचाखच भरलेल्या बसच्या मागोमाग तीन मिनिटांवर दुसरी दिसत असेल तर पहिली सोडण्याचा धीर येतो. वयस्कर माणसाला किंवा कडेवर मूल असलेल्या बाईला ही तीन मिनिटं मोलाची असतात.

ॲप बसची संख्या वाढवत नाही. तासाला एकच फेरी असलेल्या मार्गावर ती चुकली की चुकली, हेच ते सांगेल. रात्रीच्या शेवटच्या बससाठी तर आकड्यावर मुळीच विसंबू नये. छापील वेळेच्या दहा मिनिटं आधी थांब्यावर असावं.

तक्रार करताना ‘तुमचं ॲप चुकतं’ एवढं लिहून भागत नाही. थांब्याचं नाव, मार्ग, दिशा, ॲपनं दाखवलेली वेळ आणि त्या पडद्याचं चित्र पाठवावं. त्यावरून चूक यंत्राची, डेपोच्या नोंदीची की अंदाजाची, हे तपासता येतं. आणि एक मागणी प्रत्येक शहरात लावून धरण्यासारखी आहे. बसची थेट माहिती देण्याची जी पद्धत जगभर वापरली जाते तिच्यात फेरी रद्द झाल्याचं कळवण्याची सोय आहे. नियंत्रकानं फेरी रद्द करताच संगणकात तशी नोंद केली, तर थांब्यावरच्या बाईला वीस मिनिटांनी नव्हे, त्याच क्षणी कळेल की आज ही बस येणार नाही. त्यासाठी नवी गाडीही लागत नाही आणि नवं यंत्रही.