मेणाचा डाग: साबण सगळ्यात शेवटी

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी घर आवरायला घेतलं की मेण हमखास दोन ठिकाणी सापडतं. एक जेवणाच्या टेबलावरच्या सुती कापडावर आणि दुसरं उंबऱ्याजवळच्या टाइल्सवर, रांगोळीच्या कडेला. मातीच्या पणतीत तेल-वात घालायची तेव्हा प्रश्न तेलाचा असायचा. आता बाजारात मेण भरलेल्या तयार पणत्या मिळतात, त्यामुळे तेलाची जागा पॅराफिनने घेतली आहे. हे मेण खनिज तेलापासून निघतं. ते पाण्यात विरघळत नाही आणि साबणालाही सहजासहजी दाद देत नाही. म्हणून डाग दिसताक्षणी ओला फडका आणि साबण घेऊन घासायला बसलं, तर मेण निघत नाही, नुसतं पसरतं.

मेण जाऊनही मागे जो तेलकट डाग उरतो, तो कुठून येतो हे आधी पाहू. मेणबत्तीचं मेण साधारण 50 ते 65 अंश सेल्सिअसला वितळतं. गरम थेंब सुती कापडावर पडला की त्याचा बराचसा भाग वर थिजून खडा होतो, पण थोडं मेण पातळ असतानाच धाग्यांमध्ये शोषलं जातं. धाग्यांमधली हवा जाऊन तिथे मेण बसलं की कापड त्या जागी अर्धपारदर्शक होतं. आपण ज्याला तेलाचा डाग म्हणतो तो म्हणजे हे धाग्यांत अडकलेलं मेणच. मेण स्वस्तातलं असेल तर त्यात तेलाचा अंश जास्त असतो आणि डागही जास्त पसरतो. थोडक्यात, एकाच डागात वरचा खडा आणि आतलं मेण अशा दोन गोष्टी असतात, आणि दोन्हींचा उपाय वेगळा. खडा थंडीने काढायचा, आतलं मेण उष्णतेने.

समजा, पांढऱ्या टेबलक्लॉथवर लाल मेणबत्तीचा रुपयाएवढा थेंब सांडला आहे. तो पूर्ण गार होऊ द्या. मग बर्फाचे खडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाचेक मिनिटं डागावर ठेवा. कापड लहान असेल तर घडी करून सरळ फ्रीझरमध्ये टाकलं तरी चालतं. गार झालेलं मेण ठिसूळ होतं. कापड दोन्ही हातांनी डागाच्या जागी वाकवलं की खड्याला तडे जातात, आणि चमच्याच्या कडेने किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने तो उचलता येतो. सुरी वापरू नका. मेणाबरोबर धागेही ओढले जातात आणि तिथे कायमची विरळ जागा उरते.

आता इस्त्री. लोकांची गडबड होते ती इथे. कापड सुती आहे म्हणून इस्त्रीचा काटा थेट ‘कॉटन’वर नेला जातो. पण मेण वितळायला तेवढ्या आचेची गरज नाही. जास्त आच दिली की ते पाण्यासारखं पातळ होऊन कागदात जायच्या ऐवजी बाजूच्या कापडात पळतं. रेशमासाठी ठेवतो तेवढी, म्हणजे मंद आच पुरते. वाफ बंद ठेवा. डागाखाली आणि डागावर दोन्हीकडे टिश्यू पेपरच्या दोन-तीन घड्या किंवा धुवट पंच्याचा तुकडा ठेवा आणि इस्त्री न घासता नुसती दाबून आठ-दहा सेकंद धरा. कागद उचलला की त्यावर तेलकट ठिपका उमटलेला दिसेल. प्रत्येक वेळी कागदाची कोरी जागा डागावर यायला हवी, नाहीतर उचललेलं मेण आपण परत कापडालाच देतो. ठिपका उमटायचा थांबला की इस्त्रीचं काम संपलं. वर्तमानपत्र घेऊ नका, शाई कापडावर उतरू शकते. पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागदही पारखून घ्यावा, कारण प्लॅस्टिकचा थर दिलेला कागद इस्त्रीलाच चिकटतो.

लाल रंगाचं काय? मेणबत्तीचा रंग मेणातच विरघळलेला असतो, त्यामुळे तोही बराचसा कागदात येतो. तरीही गुलाबी छटा उरली, तर औषधांच्या दुकानात मिळणारं स्पिरिट कापसावर घेऊन उलट्या बाजूने टिपा. कापड रंगीत असेल तर आधी कोपऱ्यात करून पाहा. स्पिरिट पेट घेतं, म्हणून दिवे आणि गॅस यांपासून लांब बसा. ते उडून जाईपर्यंत इस्त्रीही फिरवायची नाही.

साबणाची पाळी यानंतर. भांडी घासायचं लिक्विड पाणी न घालता थेट डागावर लावून बोटांनी हलकं चोळा आणि पंधरा-वीस मिनिटांनी कापडाला सोसेल तितक्या गरम पाण्यात धुवा. वॉशिंग मशीनमध्ये टाकायची घाई नको. आत उरलेलं मेण गरम पाण्यात सुटतं आणि पाइपमध्ये जाऊन थिजतं. बादलीत धुतलं तरी पाणी गार होऊ द्यावं, वर तरंगणारा पापुद्रा गाळून काढावा आणि मगच मोरीत ओतावं.

डाग गेला की नाही, हे डोळ्यांपेक्षा पाणी चांगलं सांगतं. वाळलेल्या कापडावर डागाच्या जागी पाण्याचा एक थेंब टाका. शेजारच्या स्वच्छ भागात तो लगेच मुरेल. डागावर गोल मणी होऊन बसला, तर मेण अजून आत आहे. मग पुन्हा कागद आणि इस्त्री.

फरशीचं गणित थोडं निराळं आहे. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलमध्ये मेण मुरत नाही, ते वरवर चिकटतं. पण उंबऱ्याजवळ रांगोळी असते, आणि रांगोळीचे कण म्हणजे दगडाचं चूर्ण. ते मेणासकट खरवडले तर टाइलची चकाकी जाते. म्हणून आधी मऊ झाडूने रांगोळी पूर्ण काढा. मग बर्फ घातलेली स्टीलची वाटी मेणावर ठेवा. पाचेक मिनिटांत गारव्याने मेण टाइलपेक्षा जास्त आक्रसतं आणि कडेने सुटू लागतं. प्लॅस्टिकची पट्टी आडवी धरून सरकवली की बहुतेक खडा एकदम येतो. लोखंडी पात्याने मॅट टाइलवर काळ्या रेघा उठतात आणि त्या घालवणं मेणापेक्षा कठीण.

गरम पाण्याने फरशी पुसायचा मोह मात्र आवरा. मेण वितळतं खरं, पण पोछ्याबरोबर अख्ख्या फरशीवर पातळ थर होऊन पसरतं. खिडकीच्या उजेडात तिरकं पाहिलं की तो धुरकट दिसतो, आणि अनवाणी पाय सटकतो. खडा निघाल्यावर उरलेल्या पुसट थराला कोमट पाणी, लिक्विडचे दोन-चार थेंब आणि मऊ फडका एवढं पुरेसं आहे. नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसा, कारण साबणाचा थर राहिला तरी फरशी तशीच धुरकट दिसते.

टाइल्समधले सांधे सच्छिद्र असतात, तिथे मेण मुरतं. हेअर ड्रायरची मंद हवा थोडा वेळ द्या आणि लगेच टिश्यू दाबून धरा. संगमरवर किंवा शहाबादी फरशी असेल तर मेण दगडातच उतरतं. तिथे लिंबू-व्हिनेगर चालत नाही, दोन्ही दगडाला खातात. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन आणि टाल्कम पावडर यांचा घट्ट लेप डागावर लावून, वर प्लॅस्टिक घालून रात्रभर ठेवावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास दिवा नसावा. सकाळी लेप वाळू देऊन झाडून घ्यावा. जुन्या डागाला लेप दोनदा लावावा लागतो, आणि पॉलिश उडालेल्या दगडावर पुसट खूण तरीही राहू शकते.