साठ लिटरच्या टाकीतला जास्तीचा गॅस

भाचा यंदा अकरावीत आहे. सुट्टीत आला की माझ्यासोबत गाडीतून फिरतो आणि प्रत्येक गोष्टीचा हिशोब मागतो. परवा आम्ही सीएनजी भरून निघालो. काटा तळाला टेकला होता, त्यामुळे टाकी जवळजवळ रिकामीच होती. पावतीवर ८.२ किलो छापून आलं. पोराने मोबाइलवर आकडेमोड केली आणि म्हणाला, "मामा, पंपवाल्याने फसवलं. या टाकीत एवढा गॅस मावूच शकत नाही."

त्याचं गणित असं होतं. टाकीची पाणीक्षमता ६० लिटर. पंपावर दाब २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दोनशे पट. तापमान २७ अंश धरलं. सीएनजी म्हणजे बहुतांशी मिथेन, तर तो शुद्ध मिथेनच समजला. अकरावीच्या पुस्तकातलं PV = nRT हे समीकरण लावलं की उत्तर येतं ७.७ किलो. पावतीवर अर्धा किलो जास्त. आकडेमोड मी दोनदा तपासली. त्यात चूक नव्हती.

चूक समीकरणात होती. खरं तर चूकही म्हणता येणार नाही. ते समीकरण ज्या वायूसाठी आहे तो वायू या जगात कुठेच नाही. 'आदर्श वायू' हे नाव ऐकून वाटतं की तो कुणीतरी गुणी वायू असावा. प्रत्यक्षात त्याच्या रेणूंना आकार नसतो आणि एकमेकांबद्दल काही वाटतही नसतं. ते नुसते ठिपके. इकडून तिकडे धावायचं आणि भिंतीवर आदळायचं, एवढंच त्यांचं काम.

साध्या हवेच्या दाबाला हे सोंग बेमालूम चालतं. मिथेनचा एक रेणू सुमारे ०.३८ नॅनोमीटर रुंद असतो, आणि साध्या दाबाला दोन शेजाऱ्यांमधलं सरासरी अंतर साडेतीन नॅनोमीटरच्या जवळ असतं. म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या नऊ पट. एवढ्या मोकळ्या मैदानात रेणू ठिपका आहे की गोळा, याने काय फरक पडणार? तिथे समीकरणाची चूक शेकडा पाव टक्काही होत नाही. आता हाच वायू २०० बारला दाबून टाकीत भरा. शेजाऱ्यांमधलं अंतर येतं साधारण ०.५६ नॅनोमीटरवर. रेणूच्या रुंदीच्या जेमतेम दीडपट! इथे ठिपक्यांचं सोंग उघडं पडतं, आणि तेही दोन बाजूंनी.

पहिली बाजू आकाराची. कॅरमच्या दोन सोंगट्या टेबलावर एकमेकींना चिकटवून ठेवा आणि त्यांच्या केंद्रांमधलं अंतर बघा. ते एका सोंगटीच्या पूर्ण रुंदीएवढं असतं, त्याहून कमी करताच येत नाही. म्हणजे एका सोंगटीच्या केंद्राला दुसरीभोवतीची बरीच मोठी जागा बंद झाली. रेणूंचंही तसंच. प्रत्येकाभोवती एक गोल, आणि त्यात दुसऱ्याच्या केंद्राला मज्जाव. या गोलाची त्रिज्या रेणूच्या त्रिज्येच्या दुप्पट, म्हणून आकारमान आठपट. ही बंदी दोघांत मिळून असते, तेव्हा एकेकाच्या वाट्याला निम्मी येते. म्हणून रेणू स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे चौपट जागा अडवतो. मोकळी जागा आक्रसली की भिंतीवरचे धक्के वाढतात. आकारामुळे दाब हिशोबापेक्षा जास्त भरतो.

दुसरी बाजू आकर्षणाची. मिथेनचा रेणू चारही बाजूंनी सारखा, त्यावर धन-ऋण अशी टोकं नाहीत. तरी त्याच्यातला इलेक्ट्रॉनांचा ढग क्षणभर एका बाजूला झुकतो, तो झुकला की शेजाऱ्याचाही झुकतो, आणि दोघांत किंचित ओढ निर्माण होते. ही ओढ फार थोड्या अंतरापर्यंतच पोचते. नऊ रुंदींवर ती नसल्यात जमा, दीड रुंदीवर चांगलीच जाणवते. टाकीच्या मधोमध असलेल्या रेणूला ती सगळीकडून सारखीच, त्यामुळे तिथे तिचा परिणाम दिसत नाही. पण जो भिंतीवर आदळायला निघालाय त्याच्यापुढे भिंत आणि मागे सारे भाऊबंद. मागची ओढ त्याला आवरते, आणि धक्का हलका बसतो. वायू दुप्पट दाट केला तर धक्का देणारेही दुप्पट आणि मागे ओढणारेही दुप्पट, म्हणजे दाबातली घट चौपट.

या दोन गोष्टी एका समीकरणात बसवल्या योहानेस व्हॅन डर वाल्स या डच माणसाने. हा लायडनच्या एका सुताराचा मुलगा. आधी शाळामास्तर होता, आणि डॉक्टरेटचा प्रबंध १८७३ साली सादर केला तेव्हा पस्तिशी ओलांडलेली होती. प्रबंध डच भाषेत. पुढच्याच वर्षी खुद्द मॅक्सवेलने त्याची दखल घेतली आणि लिहिलं की यामुळे एकाहून जास्त संशोधक डच भाषा शिकायला लागले आहेत. १९१० साली याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं. समीकरण असं, एका मोल वायूसाठी:

(P + a/V²)(V − b) = RT

b म्हणजे रेणूंनी अडवलेली जागा आणि a म्हणजे त्यांची ओढ. मिथेनसाठी b आहे एका मोलला ०.०४३ लिटर, आणि a आहे २.२८, लिटर आणि बारच्या मापात.

आता भाच्याच्या टाकीत हे घालून बघू. २७ अंशांना आणि २०० बारला ६० लिटरच्या टाकीत मिथेन मावतो सुमारे ९.२ किलो. एका मोलच्या वाट्याला येते ०.१०५ लिटर जागा. त्यातली ०.०४३ रेणूंनीच अडवलेली, म्हणजे चाळीस टक्के! ठिपक्यांचा वायू असता तर या गर्दीत दाब २३८ बार झाला असता. नुसता आकार धरला तर तो उसळून ४०४ बारवर जातो. आणि ओढ त्यातून २०९ बार कापून नेते. उरतात १९५ बार, पंपावरच्या २०० च्या अगदी जवळ.

हे आकडे मला फार आवडतात. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं की जुनं समीकरण शेकडा सोळा-सतरा टक्क्यांनी चुकलं. आत मात्र दोन प्रचंड चुका एकमेकींना खोडत असतात, आणि आपल्या वाट्याला त्यांची वजाबाकी येते. मिथेनच्या बाबतीत २०० बारला ओढ जिंकते, म्हणून टाकीत गॅस जास्त मावतो. दाब आणखी वाढवत नेला की आकार डोकं वर काढतो. चारशे बारच्या आगेमागे दोघांची बरोबरी होते, आणि त्यापुढे मिथेन हिशोबापेक्षा कमी मावू लागतो.

हायड्रोजनची तर सुरुवातच उलटी. त्याच्या रेणूत मोजून दोन इलेक्ट्रॉन, ओढ अगदीच क्षीण. साध्या तापमानाला तिथे आकाराचंच राज्य. हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीत तो ७०० बारला भरतात. १४० लिटरच्या टाकीत आदर्श हिशोबाने ८.२ किलो बसायला हवा, बसतो साधारण ५.६ किलो. जवळजवळ तिसरा हिस्सा आकाराने खाल्ला.

मग पावतीवर ९.२ ऐवजी ८.२ का? कारण भरताना दाबला गेलेला वायू तापतो. पंप २०० बारला थांबतो तेव्हा टाकीतला गॅस २७ अंशांपेक्षा बराच गरम असतो. गरम वायू त्याच दाबाला कमी मावतो, हे आदर्श समीकरणही सांगतं. पण वर आणखी एक फटका बसतो. रेणू वेगाने धावत असतील तर शेजाऱ्याची ओढ त्यांना थोपवू शकत नाही. रेणूचा आकार तापमानाने फारसा बदलत नाही, बदलतो तो ओढीचा वचक. वायू गार झाला की रेणू रेंगाळतात, ओढीच्या तावडीत सापडतात, आणि आदर्श वागणुकीपासूनची फारकत वाढते. म्हणून २७ अंशांवरून शून्यावर आल्यावर आदर्श हिशोबाने दहा टक्के गॅस जास्त मावायचा, तर मिथेन प्रत्यक्षात त्याहून जास्त मावतो.

ओढ शेवटी कुठवर जाते? वायूचा द्रव होईपर्यंत. पण त्यासाठी तापमान एका हद्दीच्या खाली असावं लागतं. त्याला क्रांतिक तापमान म्हणतात. बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजने कार्बन डायऑक्साइड दाबून दाबून पाहिला आणि १८६९ साली सांगितलं की सुमारे ३१ अंशांच्या वर कितीही दाबा, तो द्रव होत नाही. व्हॅन डर वाल्सने आपलं समीकरण पारखलं ते त्याच आकड्यांवर. मिथेनची हद्द उणे ८२ अंशांच्या आसपास आहे, म्हणून गाडीच्या टाकीत तो कधीच द्रव नसतो. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्यूटेनची हद्द जवळपास शंभर अंश आणि त्याहून वर, म्हणून तो हलवला की आत डुचमळतो. कार्बन डायऑक्साइडची हद्द आपल्या उन्हाळ्याच्या मधोमध. विदर्भातल्या एखाद्या कचेरीच्या भिंतीवर लटकणाऱ्या तांबड्या अग्निशामक नळकांड्यात हिवाळ्याच्या पहाटे द्रव असतो, आणि मे महिन्याच्या दुपारी द्रव-वायू हा भेदच उरत नाही. त्या नळकांड्यावर दाबाचा काटा नसतो. आत किती माल आहे हे दाबावरून कळणारच नाही, म्हणून ते तपासायचं तर वजन करतात.

व्हॅन डर वाल्सचं समीकरणही अचूक नाही, हे भाच्याला सांगून ठेवलं. फार दाट गर्दीत आणि क्रांतिक बिंदूजवळ ते घसरतं, कारण a आणि b हे दोन ठोक आकडे रेणूंचं सगळं वागणं पकडू शकत नाहीत. कारखान्यातले अभियंते त्याच्या सुधारलेल्या वारसांवर आणि मोजून तयार केलेल्या तक्त्यांवर भिस्त ठेवतात.

एवढं ऐकून त्याने पंपवाल्याला माफ केलं आणि दुसरा प्रश्न काढला. "मग घरच्या पाइप गॅसचं बिल घनमीटरमध्ये येतं ना? आणि इथे किलोत?" वायू तोच. घरच्या नळीत त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम दोन टक्के जास्त असतो, तिथे मिथेन आदर्श वायूसारखाच वागतो आणि आकारमान मोजून भागतं. पंपावर २०० बारला आकारमानाचा भरवसा नाही, म्हणून तिथलं मीटर सरळ वस्तुमान मोजतं आणि पावती किलोची फाडतात.