सोसायटीची थकबाकी: एका रकान्यात न मावणारा हिशेब

गृहनिर्माण सोसायटीच्या सूचना फलकावर दर महिन्याला एक यादी लागते. फ्लॅट क्रमांक, सभासदाचे नाव आणि शेवटी ‘थकबाकी’. यादी सरळ दिसते, पण तिच्यावरूनच वार्षिक सभेत सर्वात मोठे वाद होतात. त्यांतले बरेचसे वाद कोणी पैसे बुडवल्यामुळे नव्हे, तर वही चुकीच्या समजुतीवर लिहिल्यामुळे उभे राहतात. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये अशा चार समजुती वारंवार आढळतात.

गैरसमज 1: फ्लॅटची एकूण थकबाकी कळली की पुरे

वस्तुस्थिती: समजा, महिन्याचे बिल 3,000 रुपये आहे आणि 104 व 302 या दोन्ही फ्लॅटसमोर 9,000 रुपये लिहिले आहेत. 104चे सभासद दर महिन्याला 3,000 भरतात, पण दोन वर्षांपूर्वीची तीन बिले राहिली आहेत. 302ने गेले तीन महिने काहीच भरलेले नाही. पहिल्या ठिकाणी जुनी नोंद तपासून एकदाच निकाल लावायला हवा, कदाचित ती रक्कम वादातली असेल. दुसऱ्या ठिकाणी ताबडतोब लेखी मागणी करायला हवी. यादीत मात्र दोघे सारखेच दिसतात.

म्हणून बाकीचे वय लिहावे लागते. चालू महिना, एक ते तीन महिने, तीन ते बारा महिने आणि वर्षाहून जुनी असे चार रकाने पुरतात. त्यातही तीन महिन्यांची रेघ महत्त्वाची. बिल किंवा लेखी नोटीस मिळाल्यापासून, अथवा भरण्याच्या ठरलेल्या तारखेपासून, यांतले जे नंतर असेल तेथून तीन महिन्यांत पैसे न भरणारा सभासद थकबाकीदार ठरतो. समितीची निवडणूक लढवण्याचा हक्क यावर अवलंबून असल्याने बिल कोणत्या दिवशी पोहोचले, याची नोंद रकमेइतकीच गरजेची असते.

गैरसमज 2: मागील बाकीच्या पूर्ण रकमेवर 21 टक्के व्याज लावायचे

वस्तुस्थिती: आदर्श उपविधींनुसार 21 टक्के ही वार्षिक दराची कमाल मर्यादा आहे. त्या मर्यादेत दर किती ठेवायचा, हे सर्वसाधारण सभा ठरवते. दर कोणताही असो, व्याज सरळ असते, म्हणजे ते फक्त थकलेल्या मुद्दलावर बसते. पण बिलावर ‘मागील बाकी’ असा एकच आकडा असला, की त्यात मागचे व्याजही मिसळलेले असते. पुढच्या महिन्याचे व्याज त्या आकड्यावर काढले, की सरळ व्याज गुपचूप चक्रवाढ होते.

आकडेमोड करून पाहू. सभेने 21 टक्के दर मंजूर केला आहे, म्हणजे महिन्याला 1.75 टक्के. बिलाची मुदत महिनाअखेर संपते. 302ची एप्रिल ते सप्टेंबर ही सहा बिले थकली. मे महिन्यात 3,000 रुपयांवर 52.50 रुपये व्याज लागले, जूनमध्ये 6,000वर 105, असे करत ऑक्टोबरमध्ये 18,000वर 315. सहा महिन्यांचे व्याज 1,102.50 रुपये झाले. मिसळलेल्या बाकीवर काढले असते तर ते सुमारे 1,135 झाले असते. फरक 33 रुपयांचा, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. हीच पद्धत 24 बिलांपर्यंत चालली, की सरळ व्याज 15,750 आणि चक्रवाढ सुमारे 18,082 रुपये होते. आता 2,332 रुपये जादा मागितले गेले आहेत आणि सभासदाची तक्रार रास्त आहे.

उपाय साधा आहे. प्रत्येक फ्लॅटच्या खात्यात मुद्दल आणि व्याज यांचे रकाने वेगळे ठेवावेत. मग अर्धवट रक्कम आली, की तीही नीट बसवता येते. वरच्या उदाहरणात 302ने 10,000 रुपये भरले, तर दोन्ही पद्धतींनी 9,102.50 रुपये उरतात. पण आधी व्याज वळते केले तर उरलेली सगळी रक्कम मुद्दल ठरते आणि पुढच्या महिन्याचे त्यावरचे व्याज सुमारे 159 रुपये होते. आधी मुद्दल वळते केले तर 8,000वरच, म्हणजे 140 रुपये. कोणती पद्धत वापरायची हे सभेत एकदा ठरवून सर्वांना सारखेच लावावे आणि पावतीवर तसे लिहावे.

गैरसमज 3: फ्लॅट भाड्याने दिला, की थकबाकी भाडेकरूची

वस्तुस्थिती: भाडे हा मालक आणि भाडेकरू यांच्यातला व्यवहार आहे, सोसायटीच्या वहीत खाते असते ते सभासदाचे. करारानुसार भाडेकरू मेंटेनन्स परस्पर भरत असेल, तरी ती रक्कम सभासदाच्याच खात्यात जमा होते आणि राहिलेली बाकीही त्याच्याकडूनच येणे असते. भाडेकरू जाताना बाकी ठेवून गेला, म्हणून नवे खाते उघडायचे नसते.

भाड्याच्या फ्लॅटवर बिनभोगवटा शुल्क लागते. ते पूर्ण बिलाच्या 10 टक्के असते, असा समज आहे. राज्य सरकारच्या 2001च्या आदेशानुसार ही मर्यादा सेवा शुल्काच्या 10 टक्के आहे. सेवा शुल्क म्हणजे पहारेकरी, सफाई, कार्यालय, लेखापरीक्षण असा खर्च. मालमत्ता कर, पाणी, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड त्यात येत नाहीत. 3,000च्या बिलात सेवा शुल्क 1,400 असेल, तर बिनभोगवटा शुल्क जास्तीत जास्त 140 रुपये, 300 नव्हे. बिलात सेवा शुल्काची ओळ वेगळी नसेल, तर हा हिशेब तपासताच येत नाही.

गैरसमज 4: बेरीज ताळेबंदाशी जुळली, म्हणजे प्रत्येकाची बाकी बरोबर

वस्तुस्थिती: बेरीज जुळणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. बँकेत 3,000 रुपये येतात आणि पाठवणाऱ्याने फ्लॅट क्रमांक लिहिलेला नसतो. ते 203चे असतात, पण आडनाव सारखे म्हणून 503ला जमा होतात. एकाकडे 3,000 जास्त दिसतात, दुसऱ्याकडे 3,000 कमी, आणि एकूण बेरीज रुपयानेही हलत नाही. लेखापरीक्षणाला फक्त बेरीज पाहिली तर ही चूक सापडणार नाही. पुढे 203ला त्या न थकलेल्या पैशांवर व्याजही लागत राहते.

ज्याचा धनी कळत नाही ती रक्कम अंदाजाने जमा न करता उचंत खात्यात ठेवावी आणि पुढचे बिल निघण्याआधी सभासदांकडून व्यवहार क्रमांक मागवून तिचा निकाल लावावा. वर्षातून एकदा प्रत्येक फ्लॅटला खातेउतारा देऊन बाकी मान्य असल्याची सही घ्यावी. चुकीच्या फ्लॅटवर पडलेली नोंद बहुधा इथेच सापडते.

वसुलीची वेळ आली, की या सगळ्याची परीक्षा होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 154ब-29 खाली सोसायटी निबंधकाकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करू शकते. दाखला मिळाला, की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. अर्जासोबत खातेउतारा, बिले, नोटिसा आणि व्याजदराचा ठराव जोडावा लागतो. मुद्दल, व्याज आणि तारखा वेगळ्या ठेवलेल्या असतील तर हा उतारा खात्यातून जसाच्या तसा काढता येतो. सगळे एकाच रकान्यात असेल तर तो नव्याने रचावा लागतो, आणि सभासदाने घेतलेल्या प्रत्येक आक्षेपाला समितीपाशी उत्तर नसते.