कपाचा रंग आणि दिव्याची चमक

एका वाचक भगिनीने पत्राने विचारले आहे की, दुकानांच्या पडद्यावरील सूचीत चिनी मातीचा एकच कप पाच रंगांत दिसतो, पाचही चित्रांत कानाखालची सावली तीच असते, पोटावरील खिडकीची चमकही तीच असते. तर मग हे पाचही नग खरोखर समोर ठेवून त्यांची छायाचित्रे घेतलेली असतात काय, आणि नसतील तर त्यांतली काही चित्रे अस्सल वाटून काही मात्र प्लास्टिकच्या खेळण्यासारखी का भासतात? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: पुष्कळदा छायाचित्र एकाच नगाचे असते आणि बाकीचे रंग संगणकावर चढविलेले असतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रकाशाच्या स्वभावात दडलेले असून तेच या लेखाचे प्रयोजन आहे.

कपाच्या चित्रातील कोणताही एक ठिपका घेतला, तर त्यात लाल, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांची मापे नोंदलेली असतात. परंतु ही नोंद म्हणजे दोन निरनिराळ्या खात्यांवरील रकमा एकाच ओळीत बेरीज करून लिहिलेल्या वहीसारखी असते. पहिले खाते कपाचे स्वतःचे. दिव्याचा प्रकाश झिलईतून आत शिरतो, रंगद्रव्याच्या कणांवर आपटत फिरतो, त्यातला काही भाग तेथेच शोषला जातो आणि उरलेला कपाचा रंग घेऊन सर्व दिशांना विखरत बाहेर पडतो. दुसरे खाते दिव्याचे. झिलईच्या पृष्ठभागाशी येणाऱ्या प्रकाशापैकी काही आत न शिरता आरशावरून परतावा तसा तेथल्या तेथे परततो, आणि त्याची रंगद्रव्याशी गाठच पडलेली नसल्यामुळे तो दिव्याच्याच रंगाचा राहतो. काचेसारख्या झिलईचा अपवर्तनांक सुमारे १·५ असतो. अशा पृष्ठभागावर सरळ पडणाऱ्या प्रकाशाचा शेकडा ४ एवढाच हिस्सा असा परततो, मग खालचा रंग लाल असो की निळा. हा हिस्सा अल्प वाटला, तरी दिवा स्वतः इतका प्रखर असतो की तेवढ्यानेही कपावर पांढरी शलाका उमटते.

आता लाल कपाचा निळा करावयाचा आहे असे समजू. उजेडात ठेवलेल्या शुभ्र कागदाकडून येणारा प्रकाश १०० धरला, तर लाल कपाच्या साध्या भागाची मापे लाल ६०, हिरवा ६, निळा ५ अशी असतील, आणि हव्या असलेल्या निळ्या कपाची ५, १० आणि ४० अशी. म्हणजे लाल माप बाराव्या हिश्श्यावर आणावयाचे, हिरवे पावणेदोन पटीच्या किंचित खाली न्यावयाचे आणि निळे आठपट करावयाचे. सावलीत हा गुणाकार निर्वेध चालतो: जेथे चौथाईच प्रकाश पोहोचला आहे, तेथील १५, दीड आणि सव्वा या मापांची सव्वा, अडीच आणि १० अशी मापे होतात, म्हणजे चौथाईच उजळलेला निळा कप, आणि सावली जशीच्या तशी टिकते. फसगत चमकेवर होते. चमकेच्या जागी दिव्याच्या खात्याने तिन्ही मापांत ३० ची भर घातलेली असते, म्हणून तेथे ९०, ३६ आणि ३५ दिसतात. त्या बेरजेलाच तो गुणाकार लावला, तर लाल साडेसात, हिरवे ६० आणि निळे २८० होते. शुभ्र कागदाच्या पावणेतीनपट निळाई पडद्यावर मावतच नाही. ती कापली जाते, पांढऱ्या शलाकेच्या जागी भडक निळा डाग उरतो, आणि आपल्या वाचक भगिनींना जाणवलेले प्लास्टिकपण बहुधा येथेच जन्मास येते. योग्य हिशेब असा की आधी दिव्याचे ३० वजा करावे, उरलेल्या कपाच्या खात्याला गुणाकार लावावा, आणि ते ३० पुन्हा जसेच्या तसे मिळवावे. म्हणजे ३५, ४० आणि ७० ही मापे येतात, जी निळ्या कपावरील पांढुरक्या चमकेची खरी मापे होत. झिलईचा पोतही या दुसऱ्याच खात्यात नांदतो: चमक आटोपशीर व तीक्ष्ण असेल तर कप तुळतुळीत दिसतो, तीच पसरून मंद झाली तर खडबडीत. म्हणून रंग बदलताना त्या खात्याला हात न लावणे हेच पोत राखणे होय.

ही दोन खात्यांची मांडणी स्टीव्हन शेफर या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये नेमक्या गणिती रूपात प्रसिद्ध केली. लाल, हिरवे आणि निळे या तीन अक्षांच्या अवकाशात एकाच रंगाच्या वस्तूचे सर्व ठिपके मांडले, तर ते वाटेल तसे न विखुरता एका प्रतलातील समांतरभुज चौकोनात बसतात, हे त्याने दाखविले. चौकोनाची एक बाजू वस्तूच्या रंगाची, दुसरी दिव्याच्या रंगाची. बेरजेवरून रकमा वेगळ्या करण्याची वाट या चौकोनातूनच जाते.

परंतु शेफरच्याही मागे, सव्वादोनशे वर्षे पलीकडे, एक मनुष्य उभा आहे ज्याचे नाव या संदर्भात क्वचितच घेतले जाते, आणि ते न घेणे मला अन्यायाचे वाटते. योहान हाइनरिख लँबर्ट हा म्यूलहाउस गावच्या एका शिंप्याचा मुलगा. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो बापाच्या हाताखाली कामाला लागला. पुढचे सारे गणित आणि विज्ञान त्याने रात्री-बेरात्री स्वतःच्या हिमतीवर मिळविले. π ही संख्या अपरिमेय आहे हे प्रथम सिद्ध करणारा गणिती म्हणून विद्यार्थ्यांना तो ठाऊक असतो. परंतु १७६० साली त्याने प्रकाशमापनावर जो लॅटिन ग्रंथ लिहिला, त्यात निस्तेज पृष्ठभागाची उजळी प्रकाशकिरण किती तिरपा येतो यावरच कशी अवलंबून असते याचा नियम आहे, आणि पृष्ठभाग आलेल्या प्रकाशाचा किती हिस्सा परत करतो ही राशी स्वतंत्र मानून तिला त्याने दिलेले ‘अल्बेडो’ हे नाव खगोलशास्त्रज्ञ आजही वापरतात. सावली वेगळी आणि वस्तूचा रंग वेगळा, आणि आपल्याला दिसतो तो त्या दोहोंचा गुणाकार, हे येथे प्रथम स्वच्छ मांडले गेले; मघाच्या हिशेबातील सावलीचा सारा भाग या एका विचारावर उभा आहे. विशेष म्हणजे त्याच्यापाशी प्रकाश मोजण्याचे स्वयंचलित यंत्र कोणतेही नव्हते; दोन पृष्ठभाग समान उजळलेले दिसतात की नाही हा निवाडा त्याने डोळ्यावर सोपविला होता. पुढे १७७२ मध्ये त्याने किरमिजी, पिवळा आणि प्रशियन निळा या तीन रंगद्रव्यांच्या मिश्रणांतून एक रंगांचा मनोरा रचून प्रसिद्ध केला, आणि त्याचे उपयोग सांगताना कापडाच्या व्यापाऱ्यांची आठवण ठेवली. शिंप्याच्या घरात वाढलेल्या या पंडिताला मालाच्या रंगभेदांचे महत्त्व पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

लँबर्टचा गुणाकार संगणकावर करताना एक खबरदारी घ्यावी लागते. चित्राच्या फायलीत ० ते २५५ असे आकडे असतात, पण ते प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. डोळ्याला अंधारातले भेद अधिक जाणवतात म्हणून ते वक्र मोजपट्टीवर नोंदलेले असतात. १२८ हा आकडा निम्म्या प्रकाशाचा वाटतो, पण तो पूर्ण प्रकाशाच्या शेकडा २२ एवढाच असतो. त्या आकड्यांवर थेट वजाबाकी केली, तर चमकेच्या कडेला मळकट वलय उमटते. म्हणून आधी खऱ्या प्रकाशप्रमाणात रूपांतर, मग हिशेब, आणि शेवटी पुन्हा मूळ मोजपट्टी, हा क्रम मोडता कामा नये. केवळ ‘ह्यू’ची कळ फिरविणाऱ्या झटपट तोडग्याचा दोषही याच जातीचा आहे: पडद्याचा शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा त्या कळीच्या लेखी सारख्याच उजळीचे असतात, वस्तुतः पिवळा सुमारे तेरा पट उजळ असतो.

चमक वजा करावयाची, पण ती ३० च आहे हे कळावे कसे? येथे छायाचित्रकाराने घेतलेली थोडी तसदी संगणकाचे मोठे काम वाचविते. दिव्यापुढे ध्रुवीकारक पत्रा लावावा आणि भिंगापुढे दुसरा, त्याच्याशी काटकोनात. पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश आपले ध्रुवीकरण राखून असतो, म्हणून तो भिंगापाशी अडतो. आत शिरून भटकलेला प्रकाश ते गमावून बसतो, म्हणून त्याचा निम्मा भाग पार होतो. मग भिंगापुढचा पत्रा समांतर फिरवून दुसरे चित्र घ्यावे. त्यात तोच निम्मा भाग आणि शिवाय चमक येते, आणि दोन चित्रांची वजाबाकी केली की दिव्याचे खाते निखळ हाती लागते. पितळेच्या तांब्यावर मात्र ही युक्ती लंगडी पडते, कारण धातूत प्रकाश आत भटकत नाही. त्याचा सारा रंग चमकेतच असतो, आणि पोलादी नळाचा तांब्याचा करावयाचा तर रंगवावी लागते ती चमकच.

याहून अवघड जागा वस्त्रांच्या घड्यांत आहे. लाल कापडाच्या चुणीत शिरलेला प्रकाश एका बाजूवरून दुसरीवर आदळतो. पहिल्या भेटीत लाल आणि हिरव्याचे प्रमाण दहास एक असले, तर दुसऱ्या भेटीनंतर ते शंभरास एक होते, म्हणून खऱ्या लाल वस्त्राच्या घड्या केवळ काळवंडत नाहीत, अधिक गडद लाल होतात. उलट पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या या आपटाआपटीमुळे उजळलेल्या राहतात आणि काळ्याच्या खोल अंधारतात. पांढऱ्या सदऱ्याचे एकच चित्र घेऊन त्यावरून काळा सदरा तयार केला, की घड्या धुरकट व उथळ दिसतात त्या यामुळे. आणि काळ्याचा पांढरा करू गेले तर त्या अंधारात मुळात नोंदलाच न गेलेला तपशील कोठून आणणार? एका चित्रातून वाटेल तो रंग मिळवून देण्याच्या जाहिराती या ठिकाणी गप्प असतात. खोट्या चित्राची आणखी एक खूण कपाच्या पायापाशी सापडते: लाल कपाने शेजारच्या पांढऱ्या मेजावर टाकलेली तांबूस झाक, कप निळा केल्यावरही, पुष्कळदा तशीच राहून गेलेली असते.

आपल्या पैठणीपुढे तर ही सारी मांडणी थबकते. धूपछाँव वाणात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा. रेशमाचे दोन्ही धागे आपापल्या दिशेने चमकतात, म्हणून पदर हलला की एकाच जागी कधी जांभळा तर कधी हिरवा वर येतो. येथे वस्तूचे एक खाते धरताच येत नाही. ताण्याचे आणि बाण्याचे हिशेब स्वतंत्र ठेवावे लागतात, आणि प्रत्येक ठिपक्यात कोणाचा वाटा किती हे एका छायाचित्रावरून ठरत नाही. दिवा निरनिराळ्या कोनांत ठेवून घेतलेली अनेक चित्रे त्यासाठी लागतात. म्हणून पैठणीचा विक्रेता प्रत्येक रंगाची साडी स्वतंत्रपणे कॅमेऱ्यापुढे पसरीत असेल, तर त्यात त्याचा वेळ वाया जात नाही.