दादा पोस्टवर, लाडू घरी

फौजेतल्या भावाला वाढदिवसाला काय लिहावं, हा प्रश्न सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कित्येक घरांत दरवर्षी पडतो. पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: ‘तू नाहीस, घर सुनं सुनं वाटतंय.’ भावना खरी, पण ज्याच्याकडे ती जाते तो काहीच करू शकत नाही. जवानाला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते. ती कधी मिळायची, हे पलटण कुठे आहे आणि किती माणसं आधीच सुट्टीवर गेली आहेत यावर ठरतं. त्यातही तो दिवस राखून ठेवतो ते गावची जत्रा, बहिणीचं लग्न, घराचं बांधकाम यांसाठी. स्वतःच्या वाढदिवसाचा नंबर त्यात क्वचितच लागतो. म्हणजे ‘आला नाहीस’ ही तक्रार भलत्याच माणसाच्या पदरात पडते.

समजा, साताऱ्याजवळच्या गावातली ताई लडाखमधल्या धाकट्याला लिहिते आहे. तिचा पहिला मजकूर असा: ‘तुझ्याविना वाढदिवस कसला? आईनं तुझ्या आवडीचे बेसनाचे लाडू केले, पण तिच्या घशाखाली घास उतरला नाही. पुढच्या वर्षी तरी ये.’ यात दिवस वाया गेला, आई उपाशी राहिली, आणि वर त्याच्या हातात नसलेलं वचनही मागितलं. हे वाचून पहाऱ्यावर उभं राहायचं त्याला. तिनं मग तो कागद बाजूला ठेवला आणि नव्यानं लिहिलं:

‘बंड्या, औक्षवंत हो. सकाळी आईनं देवापुढं तुझ्या नावानं ओवाळलं. सुपारी ताम्हनातून घरंगळून कपाटाखाली गेली, ती अजून सापडलेली नाही. लाडू बत्तीस झाले. तुझ्या वाट्याचे चार मी खाल्ले आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. विहिरीवरची मोटर सुरू झाली. आई तुझी आठवण काढून खूप हसली, तू लहानपणी पिठाच्या डब्यात बसायचास म्हणून. आज मेसमध्ये काय होतं जेवायला?’

यात त्याचं दूर असणं लपवलेलं नाही. ‘तुझ्या वाट्याचे’ या दोन शब्दांतच घरात त्याची जागा कायम असल्याचं आलं. आईची आठवणही आली, फक्त तिच्यामागे ‘पण’ आला नाही. माझ्या मते मजकूर तपासायची सोपी खूण तीच: ‘पण’ आणि ‘तरी’ कुठे आलेत ते पाहावं, तक्रार बहुतेक तिथेच बसलेली असते. शेवटचा प्रश्नही त्याला उत्तर देता येईल असा आहे. ‘सुट्टी कधी?’ याचं उत्तर अनेकदा त्यालाच ठाऊक नसतं, आणि ‘सध्या कुठे आहेस?’ याचं उत्तर त्यानं द्यायचं नसतं.

म्हणूनच फील्डमधल्या जवानाच्या पाकिटावर गावाचं नावही नसतं. सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ एवढंच लिहायचं. सोबत त्यानं दिलेला पिन कोड, जो ९ या आकड्यानं सुरू होतो. पुढची वाट सैन्याची टपालसेवा शोधते. बर्फात रस्ते बंद होतात, विमानं खोळंबतात, त्यामुळे हिवाळ्यात पत्र चांगलं महिनाभर आधी टाकलेलं बरं. लाडू पाठवायचे तर घट्ट वळलेले, पत्र्याच्या डब्यात.

फोनवर पाठवायचं असेल तर व्हिडिओपेक्षा आवाजाचा छोटा निरोप बरा. नेटवर्क बारीक असलं तरी तो उतरतो आणि नंतर पुन्हा ऐकता येतो. फेसबुकवर त्याचा गणवेशातला फोटो, पलटणीचं नाव आणि ठिकाण टाकून जाहीर शुभेच्छा देणं मात्र टाळावं. २०२० मध्ये सैन्यानं जवानांना ८९ अॅप फोनमधून काढायला सांगितली, त्यांत फेसबुकही होतं. तेव्हा ज्याच्यासाठी लिहिलं त्यालाच ते दिसायचं नाही, नको त्यांना मात्र दिसेल.

निरोपापुढे एकच टिक राहिली तर ‘मिळालं का रे?’ असे आणखी पाच निरोप पाठवू नयेत. पोस्टवरून खाली आला की तो सगळे एकदम वाचतो, आणि मग उत्तर न दिल्याबद्दल माफी मागत बसतो. तारीख हुकलीच तर आपल्याकडे तिथीनं येणारा दुसरा वाढदिवस असतोच. आजीच्या लेखी खरा तोच, आणि त्या दिवशी नेटवर्क असलं तर उरलेल्या लाडवांचा हिशेबही देता येतो.