सही करण्याआधी

नोकरीच्या कागदांत एक संमतीपत्र असते: ‘कंपनी वा तिचे प्रतिनिधी माझी कोणतीही माहिती कोणाकडूनही घेऊ शकतात.’ एवढ्यावर सही म्हणजे कोरा चेकच. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती ठरावीक हेतूपुरती हवी.

चांगला मजकूर असा: ‘पदवी विद्यापीठाकडून आणि मागील नोकरीच्या तारखा त्या कंपनीच्या एचआरकडून अमुक एजन्सी तपासेल. सध्याच्या कंपनीला राजीनाम्यानंतरच विचारले जाईल.’ हे शेवटचे वाक्य नसेल, तर एका फोनने हातची नोकरी धोक्यात येते.

निकालाबद्दल बहुतेक फॉर्म गप्प असतात. रुजू झाल्याची तारीख पत्रात जून, उत्तरात जुलै आली, तर ऑफर मागे घेण्याआधी उमेदवाराला अहवाल दाखवून खुलासा मागू, हेही तिथे लिहिलेले असावे.